तळाच्या १८० वस्तूंपैकी नेमक्या कोणत्या काढायच्या?

पत्र

काका, अमळनेर तालुक्यातल्या एका मोठ्या गावात आमचं किराणा-जनरलचं दुकान आहे. सासऱ्यांनी उभं केलं, आता खरेदी आणि कॉम्प्युटर माझ्याकडे असतो. मार्चअखेर मी सगळ्या १,१४० वस्तूंची यादी काढली. मार्जिनच्या टक्क्यावर एक क्रम लावला आणि माल वर्षात किती वेळा फिरला यावर दुसरा. दोन्ही क्रमांकांची बेरीज केली आणि तळाच्या १८० वस्तू बंद करायचं ठरवलं. सासऱ्यांनी यादी पाहिली, पापडखार, गुलाल, नाडा यांवर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "गिऱ्हाईक तुटी जाई." इकडे दुकानात पाय ठेवायला जागा नाही, पैसा मालात अडकलाय. यादीचं ऐकू की त्यांचं?
– एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर

ताई, यादी टाकून देऊ नका, पण तिच्यावरून अजून एकही वस्तू बंद करू नका. आधी तिची मांडणी दुरुस्त करायला हवी, कारण क्रमांकांची बेरीज केल्यावर चांगली वस्तू आणि वाईट वस्तू शेजारी-शेजारी येऊन बसतात.

तुमच्याच यादीत साखर शोधा. मार्जिनमध्ये ती कुठेतरी १,०९० व्या क्रमांकावर असेल आणि फिरण्यात तिसऱ्या. बेरीज १,०९३. आता भेट द्यायची एखादी फोटोफ्रेम घ्या. मार्जिनमध्ये ४० वी, फिरण्यात १,०५० वी, म्हणजे बेरीज १,०९०. यादीच्या हिशेबाने दोघी सारख्याच. खरं चित्र काय आहे ते रुपयांत मांडून बघू. आकडे मी धरलेले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला.

साखर किलोला ४२ रुपयांनी येते आणि ४४ नी जाते असं धरा. आठवड्याला ५० किलोचे दोन कट्टे लागतात, म्हणजे वर्षाला ५,२०० किलो. दुकानात सरासरी ६० किलो पडलेली असते, त्यात २,५२० रुपये अडकलेले. किलोमागे दोन रुपये सुटतात, पण लूज साखरेला घट असते आणि पिशवीही लागते. त्याचे ६० पैसे काढले तरी किलोला १.४० राहतात. वर्षाचे झाले ७,२८०. म्हणजे साखरेत अडकवलेल्या एका रुपयाने वर्षभरात जवळपास २.९० रुपये कमावले.

फोटोफ्रेम ९० ला येते, १३० ला जाते. वर्षात सहा विकल्या, म्हणजे नफा २४०. शेल्फवर सरासरी नऊ पडून, म्हणजे ८१० रुपये अडकलेले. एका रुपयामागे सुमारे ३० पैसे. साखरेत आणि हिच्यात दहापट फरक आहे आणि तुमच्या बेरजेत दोघी एकाच घरात.

तेव्हा क्रमांक विसरा आणि प्रत्येक वस्तूसमोर एकच आकडा लिहा: वर्षाचा निव्वळ सुटलेला नफा भागिले त्या वस्तूत सरासरी अडकलेली खरेदीची रक्कम. खरेदीवरच्या नफ्याच्या टक्क्याला वर्षातल्या फेऱ्यांनी गुणलं तरी हाच आकडा येतो. फक्त एक सांभाळा. बरीच बिलिंग सॉफ्टवेअर मार्जिन विक्रीच्या किमतीवर दाखवतात. फोटोफ्रेमचं मार्जिन विक्रीवर ३१ टक्के दिसेल आणि खरेदीवर ४४. फेरे तुम्ही खरेदीच्या भावाने मोजता, म्हणून टक्काही खरेदीवरचाच घ्या, नाहीतर गुणाकार चुकतो.

आता या आकड्याचा खालचा भाग, म्हणजे सरासरी अडकलेली रक्कम. बहुतेक दुकानांचा हिशेब इथेच बिघडतो, आणि तुमचा पापडखार इथेच फसला असावा अशी मला दाट शंका आहे. तुम्ही ३१ मार्चचा स्टॉक घेतलात ना? आपल्या खान्देशात ३१ मार्चला दुकान कसं असतं ते डोळ्यांसमोर आणा. घरोघरी पापड-कुरडयांचे बेत चाललेले, आखाजी तोंडावर. उडीद डाळ, साबुदाणा, हिंग, काळी मिरी, पापडखार, सगळं भरून ठेवलेलं. त्या एका दिवसाचा साठा वर्षाची सरासरी म्हणून धरला, तर उन्हाळ्यात उठणारा सगळा माल पडून राहिलेला दिसणार.

पापडखाराचा हिशेब दोन्ही बाजूंनी करा. पुडी १० ला येते, १२ ला जाते. वर्षात १४० पुड्या विकल्या, नफा २८० रुपये. ३१ मार्चला १२० पुड्या होत्या, म्हणजे १,२०० रुपये अडकलेले. एका रुपयामागे २३ पैसे, बंद करायच्या लायकीची वस्तू. पण हा साठा दोन-अडीच महिनेच असतो, बाकी वर्षभर चार-दोन पुड्या. दर महिनाअखेरीचा साठा घेऊन सरासरी काढली तर ती २५ पुड्यांच्या आसपास येईल, म्हणजे २५० रुपये. आता एका रुपयामागे १.१२ रुपये झाले. वस्तू तीच आणि विक्रीही तेवढीच, फक्त मोजायचा दिवस बदलला. बारा महिन्यांचे शेवटचे साठे आणि वर्षारंभीचा साठा, असे तेरा आकडे मिळवा आणि तेराने भागा. कॉम्प्युटरवर जुन्या तारखेचा साठा निघतो, त्याला वेळ लागत नाही.

अर्थात तो साठा खरा असेल तर. गर्दीच्या वेळी पाच-दहा रुपयांची वस्तू बिल न करता दिली जाते. पैसे गल्ल्यात पडतात, पण कॉम्प्युटरला ती वस्तू विकल्याचं कळत नाही. शाम्पूच्या पुड्या, काडेपेटी, सुई-दोरा, चुना यांची विक्री शून्य आणि साठा फुगलेला दिसतो, आणि त्या थेट तळाला जातात. उलट स्कीमचे फुकट आलेले नग खरेदीत चढवले नाहीत, तर साठा उणे दिसतो. तुमच्या १८० पैकी कुठल्याही वीस वस्तू हाताने मोजा. कॉम्प्युटर आणि शेल्फ यांत चार-पाच ठिकाणीही मोठा फरक आला, तर त्या सगळ्या यादीपुरता विक्रीचा आकडा बिलांवरून घेऊ नका. वर्षारंभीचा साठा अधिक तेव्हापासून आजपर्यंतची खरेदी वजा आजचा हाताने मोजलेला साठा, ही आजपर्यंतची खरी विक्री. खरेदीची बिलं तुमच्याकडे असतातच.

स्कीमचा परिणाम मार्जिनवरही होतो. ५० रुपयांची वस्तू १२ वर १ फुकट आली, तर ६०० रुपयांत १३ नग आले आणि नग ४६.१५ ला पडला. ५५ ला विकली तर खरेदीवर १० टक्के दिसणारं मार्जिन प्रत्यक्षात १९ टक्के आहे. जवळपास दुप्पट.

करांचं थोडक्यात सांगतो. तुम्ही कंपोझिशनमध्ये असाल तर खरेदीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो खरेदीच्या किमतीतच धरा. साध्या नोंदणीत असाल तर खरेदी आणि विक्री दोन्ही कर वगळून घ्या. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, केसांचं तेल, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा कर १८ चा ५ टक्के झाला. तुमच्या वर्षभराच्या यादीत ही तारीख मध्येच येते. या वस्तूंची आधीची आणि नंतरची खरेदी एकत्र करून सरासरी भाव काढू नका, आज जो भाव पडतो तोच घ्या.

एवढं झालं की पूर्ण दुकानाचा आकडा काढा. समजा वर्षाचा एकूण नफा ५,४०,००० आणि सरासरी साठा ४,५०,०००, तर दुकानाचा एक रुपया १.२० कमावतो. ज्या वस्तू याच्या चौथ्या हिश्शाच्याही खाली आहेत, इथे ३० पैशांच्या आत, त्यांना संशयित म्हणा. चौथा हिस्सा हा काही नियम नाही. साठ-सत्तर नावं समोर येतील, बसून बघता येईल एवढी यादी हवी, म्हणून मी तो घेतो. दुकानात येऊन चार-सहा महिनेही न झालेल्या वस्तू या यादीतून आधीच बाजूला काढा, त्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही.

आणि आता खरा प्रश्न, जो कुठलाही आकडा विचारत नाही: ही वस्तू नसली तर गिऱ्हाईक काय करेल?

तीनच गोष्टी होऊ शकतात. शेजारची वस्तू घेईल. नाहीतर ती सोडून बाकीचं घेऊन जाईल. नाहीतर सगळी यादीच दुसऱ्या दुकानातून भरेल. तुम्ही बेधडक काढायच्या त्या पहिल्या प्रकारातल्या वस्तू. दुसऱ्यात हिशेब करावा लागतो. तिसऱ्या प्रकारातली वस्तू तोट्यात असली तरी ठेवायची. सासऱ्यांनी ज्यांवर बोट ठेवलं त्या बहुतेक तिसऱ्यातल्या आहेत.

पहिल्या प्रकाराचं उत्तम उदाहरण म्हणजे उदबत्ती. कुठल्याही गावच्या दुकानात वीस-पंचवीस प्रकारच्या उदबत्त्या सापडतात, कारण प्रत्येक सेल्समन एक नवा वास ठेवून जातो. तुमच्याकडे २६ प्रकार आहेत आणि त्यातले १२ संशयितांत आलेत असं धरू. त्या बारांत मिळून ३,९०० रुपये अडकलेत. वर्षात खरेदीच्या भावाने २,६०० चाच माल उठला, खरेदीवर ४० टक्के मार्जिनने नफा १,०४०. एका रुपयामागे २७ पैसे. हे बारा काढले तर १,०४० चा नफा जाईल का? नाही. उदबत्ती घ्यायला आलेली बाई मोगरा नाही म्हणून बिनउदबत्तीची घरी जात नाही, चंदन घेऊन जाते. तीनातल्या दोघींनी दुसरी घेतली तरी सुमारे ६९० रुपयांचा नफा उरलेल्या चौदा प्रकारांतून येतच राहतो आणि त्यासाठी जादा माल भरावा लागत नाही. गेले फक्त साडेतीनशे. मोकळे झाले ३,९०० आणि एक अख्खा कप्पा.

"तीनातल्या दोघी" हे मी अंदाजाने म्हटलं, पण तुम्हाला अंदाज करायची गरज नाही. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पुरावा पडलेला आहे. वर्षभरात प्रत्येक वस्तू कधी ना कधी संपलेली असते, सेल्समन आला नाही म्हणून किंवा ऑर्डर विसरली म्हणून. केसांच्या तेलाची १७५ मिलीची बाटली तीन आठवडे नव्हती असं समजा. त्या तीन आठवड्यांत १०० आणि २०० मिलीच्या बाटल्यांची विक्री वाढली का ते बघा. वाढली असेल तर १७५ ची गरज नाही. वाढली नाही आणि तेलाची एकूण विक्री घटली, तर १७५ घेणारी माणसं तिच्यासाठीच येतात. वस्तू काढण्याचा प्रयोग दुकानाने नकळत आधीच करून ठेवलाय, तुम्ही फक्त निकाल वाचायचाय. संशयितांत एकाच कंपनीची एकाच वस्तूची वेगवेगळी मापं किंवा वास किती आहेत हे मोजा. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त संशयित असेच निघतात, आणि सगळ्यात कमी त्रासाने दुकान मोकळं होतं ते इथूनच.

तिसरा प्रकार ओळखायचा तो बिलांवरून. संशयित वस्तू ज्या-ज्या बिलात आली ती बिलं उघडा आणि बिलाची एकूण रक्कम बघा. पापडखाराच्या १४० पुड्या घ्या. पुडी बारा रुपयांची, पण ती एकटी क्वचितच जाते. बिलात तिच्या वर उडीद डाळ असते, खाली हिंग, जिरं, काळी मिरी. सातशे-आठशेचं बिल होतं. पापड लाटायला बसणाऱ्या बाईला पापडखार तुमच्याकडे नाही म्हटल्यावर ती पुडीपुरती दुसऱ्या दुकानात जात नाही, डाळीसकट सगळं तिकडेच भरते. तसंच श्रावणात कानबाईच्या वेळी. तुमच्या दुकानातून रोटांची तयारी आणि पूजेचं सामान एकत्र जात असेल, तर त्यातली छोटी वस्तू दोन रुपये कमावते की पाच, हे बघून काही कळणार नाही. पूर्ण बिलाचा नफा बघा. उलट फोटोफ्रेमची बिलं उघडलीत तर बहुधा त्यात फोटोफ्रेमच असेल. वाढदिवसाला घाईत आलेलं पोर ती घेऊन जातं आणि दुसरं काही घेत नाही. तिथे तिच्यामागे कोणाचीच यादी अडकलेली नाही.

आणि गुलाल, नाडा, कापूर, कोरं कापड. सासऱ्यांनी हे का दाखवलं असेल ते तुम्हालाही ठाऊक आहे. गावात मयत झाली की रात्री अकराला दुकानाची कडी वाजते. त्या वेळी सामान देणारं दुकान घर विसरत नाही, आणि न देऊ शकलेलंही विसरत नाही. या मालाला मुदत जवळपास नाही, दोन-तीन मयतींना पुरेल एवढा साठा हजारभर रुपयांत होतो. याचा फेरा मोजूच नका. यादीत त्यांच्यासमोर "गावासाठी" असं लिहून टाका आणि दर वर्षी त्यांना हिशेबाबाहेर ठेवा. फक्त अशा वस्तू दहा-पंधराच असाव्यात. प्रत्येक पडून राहिलेल्या मालाला "गावासाठी" म्हणायची सवय लागली तर पुन्हा तिथेच येऊ.

म्हणून सासऱ्यांबरोबर एक दुपार बसा. वाद घालायला नको, एक रकाना भरून घ्यायला. संशयितांची छापील यादी घ्या आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: "मामंजी, ही कोण घेतं?" त्यांनी घराचं नाव घेतलं तर ते लिहा. मग त्या घराचं खातं उघडा. शाळेजवळच्या एका घरी मधुमेहाचं पथ्य आहे, त्यांनाच ती एक बिस्किटं लागतात, आणि ते घर महिन्याला तीन हजारांचा किराणा रोखीत नेतं असं निघालं, तर ती बिस्किटं ठेवा. पण शेल्फवर सहा पाकिटं नको, महिन्याला दोन मागवा. त्याच नावापुढे खात्यावर गेल्या कापसापासूनची उधारी थकलेली असेल, तर त्या घरासाठी वेगळा माल भरायचं कारण उरत नाही. आणि ज्या वस्तूला ते म्हणतील, "कोणी ना कोणी मागतं," पण नाव एकही आठवणार नाही, ती काढायला हरकत नाही. त्यांचं गिऱ्हाईक तुटायचं भय खरं आहे. ते कुठल्या घरांना लागू आहे आणि कुठल्या नाही, एवढंच शोधायचंय, आणि ती माहिती त्यांच्या डोक्याशिवाय कुठे लिहिलेली नाही.

काढताना एकदम १८० काढू नका, साठही नको. एक कप्पा घ्या, उदबत्तीपासून सुरू करा. खरेदी थांबवा, उरलेला माल काउंटरजवळ खरेदीच्या भावाने लावा. एजन्सीचा माल असेल तर मुदत संपायच्या आत सेल्समनशी बदलून देण्याचं बोला. अटी कंपनीगणिक वेगळ्या असतात आणि मुदत उलटल्यावर तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. मुदत गेलेलं खाद्य मात्र सवलतीतही विकू नका. तो कायद्याने गुन्हा आहे आणि खाणारं गावातलंच माणूस असतं. सेल्समन म्हणेल, हे दोन वास काढलेत तर पूर्ण रेंजची स्कीम मिळणार नाही. खोटं असेलच असं नाही, म्हणून विचारा की रुपयांत किती जाईल. स्कीमचे वर्षाला ८०० जात असतील आणि त्या दोन वासांत ६०० अडकलेले असतील, तर वास ठेवा आणि ऑर्डर सगळ्यात लहान द्या.

काउंटरवर एक छोटी वही ठेवा. गिऱ्हाइकाने मागितलं आणि तुम्ही नाही म्हणालात, ती प्रत्येक वस्तू तिच्यात लिहा, घराच्या नावासकट. सासरे बसले असतील तर त्यांनीही लिहावं. दोन महिन्यांनी वही आणि कप्प्याची विक्री शेजारी ठेवा. काढलेल्या वासाची विक्री गेलीच, तिच्याकडे बघू नका. सगळ्या उदबत्त्यांची मिळून विक्री किती राहिली ते बघा. एकूण विक्री दहा टक्क्यांच्या आत घसरली असेल आणि वहीत एकच वास तीन वेगवेगळ्या घरांनी मागितलेला नसेल, तर निर्णय बरोबर आहे. तीन घरांनी मागितला असेल तर तो परत आणा, एक डबा. आणि त्या घरांची महिन्याची बिलंही तपासा. उदबत्ती दुसरीकडून आणायला गेलेलं घर तिथेच तेल-डाळही भरू लागलं का, हे त्यांच्या बिलाच्या रकमेत दिसतं. दोन महिने सलग बिल निम्म्यावर आलेलं दिसलं तर त्यांच्याशी बोला, कारण उदबत्तीच असेल असं नाही.

मोकळ्या झालेल्या पैशाचं काय करायचं, हेही आताच ठरवा, नाहीतर पुढच्या सेल्समनच्या नव्या वासात तो परत अडकेल. साखरेतला एक रुपया २.९० कमावतो म्हणून साखरेचे आणखी कट्टे आणून ठेवणं ही नेहमीची चूक. गावाची साखर ५,२०० किलोच लागते, कट्टे वाढले की फेरे घटतात आणि तोच आकडा खाली येतो. पैसा तिथे घाला जिथे तुम्ही आज रिकाम्या हाताने नाही म्हणता. वहीत ज्या चालत्या वस्तू "संपली" म्हणून वारंवार लिहिल्या जातात, त्यांचा साठा चार-पाच दिवसांच्या विक्रीएवढा वाढवा. तेवढ्यानेही पैसे उरले तर दाणाबाजारातल्या व्यापाऱ्याला विचारा, महिन्याच्या उधारीऐवजी रोखीत किती सूट देतोस. ती सूट वर्षातून बारा वेळा मिळते, बारा उदबत्त्या काढल्याने गेलेल्या साडेतीनशेपेक्षा खूपच जास्त होते.

सुरुवात पोळ्यानंतर करा. त्याआधी कानबाई आणि श्रावणाची गर्दी, आणि त्यानंतर एजन्सीवाले दिवाळीचा माल ढकलू लागतील, तेव्हा तुमची यादी हातात असलेली बरी. उदबत्तीचे नको असलेले वास काढून टाकायला गणपती आणि नवरात्र हाच काळ चांगला, हातोहात जातील. पण त्या दोन महिन्यांच्या विक्रीवरून काही ठरवू नका, सणात सगळंच उठतं. वही आणि विक्री शेजारी ठेवून बघायची ती दिवाळी उलटल्यावरची, कार्तिक-मार्गशीर्षातली. तोवर दुसऱ्या कप्प्याला हात लावू नका.